कॅरोसेलच्या प्रत्येक स्लाइडखाली टीझर लिहितो, तरी लोक दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवरूनच निघून जातात. नेमक्या कुठल्या ओळी लिहाव्यात?

तुमच्या ओळी तुम्ही दिलेल्या नाहीत. पण त्या 'पुढचं वाचून थक्क व्हाल', 'थांबा, खरी गंमत पुढे आहे' अशा वळणाच्या असतील तर लोक निघून जातात यात त्यांची काही चूक नाही. याच ओळींवरून माझं एका जुन्या नोकरीत वरिष्ठांशी वाजलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विषय होता कुंडीतली झाडं जास्त पाण्याने का मरतात. पहिल्या स्लाइडवर मी लिहिलं होतं: 'माती ओली आहे, तरी झाड तहानेने सुकतंय.' दुसरीवर, पानं मलूल झाली की आपण आणखी पाणी घालतो, एवढंच. आणि तळाशी: 'पण बोट खुपसून बघा, माती ओलीच आहे. मग ते पाणी पानांपर्यंत का पोचत नाही?' तिसरीवर उत्तर: मुळांना ऑक्सिजन लागतो, मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि पाणी ओढायचं थांबवतात. खाली नवा प्रश्न: 'पण कुंडीला भोक आहे ना? मग पाणी साचतं तरी कुठे?' चौथीवर, भोक असलं तरी तळाचा थर ओथंबलेलाच राहतो, कारण मातीची बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात. तळाशी: 'म्हणूनच आपण तळाला खडे घालतो. त्याने हा थर खाली जातो की वर?'

पाचवीत उत्तर येतं की वर. माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी बारीक मातीतून मोठ्या पोकळ्यांच्या खड्यांमध्ये उतरत नाही. म्हणजे ओला थर खड्यांच्या वर बसतो, मुळांच्या आणखी जवळ.

वरिष्ठांनी काय करावं? तळाच्या सगळ्या ओळी खोडून प्रत्येक स्लाइडवर बाण आणि 'पुढे सरकवा, उत्तर पुढच्या स्लाइडवर!' टाकलं. कारण काय, तर 'लोकांना सांगावं लागतं.' अहो, सरकवायचं कसं हे लोकांना माहीत असतं. का सरकवायचं ते सांगावं लागतं.

१९९४ मध्ये वर्तनाचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी कुतूहलाचा जो सिद्धांत मांडला त्यातली कामाची गोष्ट एवढीच: आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही यातली फट दिसली की कुतूहल जागं होतं. ती दिसायला आधी काहीतरी माहीत हवं. 'भोक असूनही पाणी कुठे साचतं' हा प्रश्न मुळं गुदमरतात हे कळलेल्यालाच पडतो. म्हणून स्लाइडने आधी काहीतरी द्यायचं, आणि टीझर त्या दिलेल्यातूनच निघायला हवा. नुसतं झाकून ठेवलं की वाचकाला हाव सुटते, हा गैरसमज आहे.

तपासायची रीत सोपी आहे. तळाची ओळ उचला आणि दुसऱ्याच विषयाच्या कॅरोसेलला लावून बघा. तिथेही चपखल बसली तर ती मेलेली आहे. 'खरी गंमत पुढे' कुठेही बसते. खड्यांचा प्रश्न बसणार नाही.

धागे दोनच प्रकारचे ठेवा. एक मोठा, पहिल्या स्लाइडवर उघडलेला: ओल्या मातीत तहान कशी? तो शेवटच्या आधीच्या स्लाइडपर्यंत पुरता मिटवायचा. बाकीचे छोटे, प्रत्येक पुढच्याच स्लाइडवर मिटणारे. छोटा धागा दोन स्लाइड लांबवला की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि मग तो तुमचा पुढचा टीझर वाचतच नाही. बहुतेक तुमची तिसरी स्लाइड इथेच पडत असेल. दुसरीखाली वचन दिलंय आणि तिसरीवर त्याऐवजी प्रस्तावना आहे, असं होतंय का बघा.

दुसरी स्लाइड स्वतंत्रपणे उभी राहते का, हेही बघा. पहिली न सरकवता पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम नंतर तीच पोस्ट कधीकधी दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. 'तर त्याचं कारण म्हणजे...' अशी सुरुवात असेल तर त्याला काहीच कळणार नाही.

प्रत्येक स्लाइडखाली टीझर हवाच असंही नाही. खड्यांच्या स्लाइडखाली मी काहीच लिहिलं नव्हतं. उत्तरच धक्का देणारं होतं, 'मग करायचं काय' हे वाचक स्वतःच विचारतो. सलग प्रश्नचिन्हं दिसली की लोकांना साचा कळतो.

आणि हो, हे सगळं कारणांची साखळी असलेल्या विषयालाच लागू पडतं. 'उपयोगी दहा अ‍ॅप्स' छाप यादीत साखळी नसते. तिथे धागे ओढूनताणून आणू नका, सरळ यादी द्या. औषधाचा डोस, अर्जाची शेवटची तारीख यांसारखी निकडीची माहिती असेल तर टीझर अजिबात नको, ती पहिल्याच स्लाइडवर टाका.