लिफोचे पहिले गणित: आधी शिल्लक मोजा

जळगावच्या दुकानातल्या ढेपेच्या साठ्याचा हिशेब तुम्ही नियतकालिक लिफोने, म्हणजे शेवटी आलेला माल आधी विकला असे धरून, करून पाठवला. त्यातली बेरीज बरोबर आहे, पण प्रत्येक विक्री तुम्ही त्या दिवसापर्यंतच्या खरेदीशी जुळवली, आणि नवशिक्यांची नेमकी हीच चूक होते. नियतकालिक पद्धतीत विक्रीची तारीख पाहायचीच नसते. महिनाअखेरीस उरलेली पोती मोजून एकदाच हिशेब करायचा असतो.

सुरुवातीची ४० पोती १,५०० रुपयांची, नंतर ६० पोती १,६०० ची आणि शेवटी ५० पोती १,८०० ची, म्हणजे एकूण २,४६,००० रुपयांचा माल. गोदामात ५० पोती उरली.

- लिफोत शिल्लक सर्वांत जुन्या भावाची: ४० पोती १,५०० ने आणि १० पोती १,६०० ने, मिळून ७६,०००. विकलेल्या मालाची किंमत १,७०,०००.
- फिफोत, म्हणजे आधी आलेला माल आधी विकला असे धरल्यास, शिल्लक शेवटच्या भावाची, ९०,०००. विकलेल्या मालाची किंमत १,५६,०००.

शंभर पोती १,९०० ने विकली असतील, तर ढोबळ नफा लिफोने २०,००० आणि फिफोने ३४,००० येतो. हा १४,००० चा फरक दोन्ही शिल्लक साठ्यांच्या फरकाएवढाच असला पाहिजे. तो जुळला नाही, तर शिल्लक पुन्हा तपासा.

मात्र भारतात लेखा मानक २ लिफोला मान्यता देत नाही, त्यामुळे दुकानाच्या प्रत्यक्ष वहीत फिफो किंवा भारित सरासरीच ठेवा.