फुगलेली दगडी भिंत, आतला भराव आणि ग्राउटिंग: थोडं सविस्तर

प्रश्न: "धाराशिव जिल्ह्यात आमचा जुना वाडा आहे, रस्त्याकडच्या घडीव दगडाच्या भिंतीनं मधोमध पोट काढलंय. गवंडी म्हणतो दगडांमधल्या दर्जा सिमेंटनं भरू अन् आत सिमेंटचं पाणी सोडू, बसंल. बसंल का खरंच?"

दादा, आधी त्या गवंड्याला चार दिवस थांबवा. आत स्लरी सोडायची, म्हणजे ग्राउटिंगची, कल्पना चुकीची नाही, पण काय सोडायचं, किती अन् कुठल्या क्रमानं हे चुकलं तर ती भिंत रस्त्यावर येते.

बाहेरून दिसते तशी ही भिंत अखंड दगडाची नसते. समोर घडीव काळ्या दगडाचा थर, आतल्या बाजूला साध्या दगडाचा थर, अन् मधे भराव, म्हणजे कपच्या, गोटे, पांढरी माती, कुठं कुठं चुना. घडीव दगड फक्त तोंडाला चौकोनी असतो, पाठीमागं पाथरवटानं निमुळताच सोडलेला असतो, त्यामुळं बाहेरून सांधा केसाएवढा दिसला तरी चार बोटं आत गेलं की दगडाला दगड टेकलेलाच नसतो, तिथं माती अन् चिपाच असतात. माळवदाचं पाणी एकदा वरून भिंतीत उतरायला लागलं की ती माती धुऊन जाते, कपच्या खाली सरकतात अन् बुडाशी पाचरीसारख्या बसून दोन्ही थरांना बाहेर ढकलतात. वर पोकळी, खाली दाब. भराव खचला की माळवदाचं वजन तोलायला उरतो तो समोरचा वीत-सव्वा वीत जाडीचा थर, तीन फुटाची भिंत नावाला तीन फुटाची राहते अन् ते पातळ तोंड पत्त्यासारखं मधे वाकतं. म्हणून फुगवटा बहुतेक मधेच येतो, वर-खाली नाही. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जिथं पुरेसे घातलेत तिथं हे होत नाही, पण ते लांब दगड महाग म्हणून कंजूषी व्हायची. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात हेच थर एका झटक्यात सुटे झाले, तुमची भिंत तेच काम पन्नास वर्षं घेऊन करतीय एवढाच फरक.

सिमेंटच्या दर्जांचं एवढंच सांगतो, पाणी वरून आत येतच राहतं अन् बाहेर पडायची वाट तुम्ही बंद करता. आधी माळवद अन् पन्हाळ दुरुस्त करा, त्याशिवाय पुढचं सगळं वाया.

आमच्या मामांच्या वाड्याचं सांगतो, परांड्याकडं. भिंत तीन फूट जाड, फुगलेला भाग साधारण 3.3 मीटर लांब अन् 2 मीटर उंच, वरून ओळंबा सोडला तर मधे 9 सेंटीमीटर बाहेर. हातोडीनं ठोकत गेलो तर बाजूला टण्ण वाजायचं अन् पोटावर बद्द, रिकाम्या हंड्यासारखं. खडूनं त्या बद्द भागाची हद्द आखली. दिवाळीनंतर काम धरलं, कारण उन्हाळ्यात आमच्याकडं स्लरी आत पोचायच्या आधी तापलेला दगड तिचं पाणी ओढून घेतो.

पहिल्यांदा बाहेरून लाकडी फळ्या अन् तिरके टेकू. हे टाळू नका, ओल्या स्लरीचा दाब काय असतो ते बघा: ती पाण्याच्या दीडपटीहून जड, 60 सेंटीमीटर भरली तरी तळाशी चौरस मीटरला जवळपास एक टन ढकलते, अन् दोन मीटर एकदम भरली तर तीन टनाच्या वर. सुट्या झालेल्या तोंडाला एवढा धक्का म्हणजे आपणच भिंत पाडली. म्हणून रोज 60 सेंटीमीटरच, अन् पंप नको, मीटरभर उंच टांगलेली बादली अन् पाइप पुरे.

मग सगळ्या दर्जा चुन्यानं बंद केल्या, नाहीतर स्लरी बाहेर गळते. सांध्यातनंच (दगडातनं नाही) बोटभर जाडीची भोकं पाडली, साधारण 50 सेंटीमीटरवर, एकाआड एक, आत थोडी उतरती. थोडंच पाणी सोडून बघितलं, वाट आहे का अन् कुठून गळतं. आत माती असली की इथं हात आखडता घ्या, जास्त पाण्यानं उरलीसुरली मातीही निघून येते.

मिश्रण आम्ही हायड्रॉलिक चुन्याचं घेतलं. साधा चुना हवा लागली तरच घट्ट होतो, भिंतीच्या पोटात हवा कुठली, तो वर्षभर लोण्यासारखाच राहील. हायड्रॉलिक मिळाला नाही तर चुन्यात बारीक दळलेली विटांची सुरखी घालतात, मग तो पाण्यातही घट्ट होतो. सिमेंट मातीच्या भरावापेक्षा फार कडक होतं, क्षार सोडतं अन् पुढं काढता येत नाही. स्लरी ताकाएवढी पातळ हवी, बारीक जाळीतनं गाळलेली, अन् काचेच्या ग्लासात तासभर ठेवली तर वर निवळ पाणी जमता कामा नये. जमलं तर भिंतीच्या आतही तसंच वेगळं होणार अन् परत पोकळी राहणार.

हिशोब असा केला की आतला भराव 45 सेंटीमीटर जाड, म्हणजे 3.3 गुणिले 2 गुणिले 0.45, साधारण तीन घनमीटर, त्यातली दहाव्या ते सातव्या हिश्शाएवढी पोकळी धरली तर 300 ते 420 लिटर. खालच्या ओळीला शंभरेक लिटर लागायला हवं होतं. तिनं 190 पिलं तरी वरच्या भोकातनं थेंब नाही. नेमकं तेव्हा मामी आतून ओरडल्या, "अहो, बळदात पांढरं पाणी चाललंय!" आतल्या थरातनं स्लरी धान्याच्या बळदात उतरत होती, ज्वारी सुदैवानं नव्हती. काम थांबवलं, आतल्या दर्जा बंद केल्या, दुसऱ्या दिवशी परत. पुढं वरच्या भोकातनं स्लरी आली की खालचं भोक लाकडी खुंटीनं बंद, असं करत गेलो. एकूण 460 लिटर गेलं, त्यातलं नव्वदेक बळदात. म्हणून प्रत्येक भोकाला किती लिटर गेलं हे वहीत मांडा, गळती तिथंच कळते.

पण "बसंल का" याचं उत्तर "नाही" असंच. ग्राउटनं फुगवटा मागं जात नाही, तो आहे तिथंच धरला जातो. अन् दाबून बसलेल्या मातीत स्लरी शिरत नाही, फक्त पोकळ्या भरतात. म्हणून टेकू तीन आठवडे ठेवून मग टाके घातले: एखादा लहान दगड हलवून सब्बलीनं हळूहळू उकरत आरपार 75 मिलिमीटरचं भोक, मधे निमुळतं अन् दोन्ही तोंडाला रुंद, त्यात दोन्हीकडं आकडा वळवलेली 8 मिलिमीटरची सळई (आम्ही स्टेनलेस घेतली) अन् काँक्रीट. घण मारून भोक पाडायचं नाही. आडवे साधारण 1.2 मीटरवर, उभे 60 सेंटीमीटरवर.

तुमच्या भिंतीचा भराव सगळा पीठ झाला असेल, किंवा फुगवटा तोंडाच्या दगडाच्या निम्म्या जाडीएवढा गेला असेल, तर ग्राउटिंगच्या नादी लागू नका, दगडांवर नंबर टाकून तेवढा भाग उतरवा अन् आरपार दगड घालून परत रचा. आत्ता ओळंबा सोडून माप घ्या, तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी मारून तारीख लिहा. महिन्याभरात पट्टी तडकली तर भिंत अजून चालतीय, तोवर रस्त्याच्या बाजूनं पोरांना खेळू देऊ नका. ओळंब्याचं माप अन् ठोकल्यावर कुठं बद्द वाजतं ते इथं टाका, मग किती स्लरी लागंल ते बघू.