सौदीला पाठवणारा एजंट ९० हजार घेऊन गेला, तिथे पगारही कमी केला. काय करू?

(भाऊ सोलापूरचा, टॉवेल कारखान्यातला. करारात १,५०० रियाल होते, तिथे १,१०० च्या नव्या कागदावर सही मागतायत.)

उत्तर: आधी भावाला फोन करून सांगा, त्या नव्या कागदावर सही करू नकोस. सही झाली की ‘त्याने स्वतःच मान्य केलं’ म्हणायला मालक मोकळा. जाण्यापूर्वीच्या कराराचा फोटो तुमच्याकडेही ठेवा. पगाराच्या भांडणात तोच मुख्य पुरावा.

पैशांचं म्हणाल तर नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. वरचे ५४,६०० बेकायदा. रोख दिले असतील (आपल्याकडे देतातच!) तर बँकेतून काढल्याची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपा.

तक्रारी दोन: पगाराची madad.gov.in वर, ती दूतावासाकडे जाते, एजंटाची emigrate.gov.in वर. तिथेच त्याची नोंदणी तपासा. नोंदणीच नसेल तर परवाना रद्द होण्याची भीती त्याला नाही. मग थेट पोलिसांत फसवणुकीची फिर्याद द्या.