नक्षत्रस्वामी कुठे बसलाय ते बघितलंस का?

अगं, तुझं उत्तर वाचलं. सरावाला दिलेली पत्रिका तू मनापासून बघितलीयेस हे कळतं, पण चुकलीस, आणि चूक अशी आहे की मी स्वतः पहिली चार-पाच वर्षं तीच करत होतो म्हणून नीट लिहितोय, फोनवर अर्धवट राहतं.

तू लिहिलंस की मेष लग्न, चतुर्थात उच्चीचा गुरु, म्हणजे गुरूच्या महादशेत स्वतःचं घर, गाडी, आईचं सुख, माणूस आपल्या माणसांत स्थिरावणार. पुस्तकात असंच असतं. त्या माणसाला आयुष्यात पाच जणांनी हेच सांगितलं होतं. प्रत्यक्षात वयाच्या एकतिसाव्या वर्षी गुरूची महादशा लागली, पहिली दोन वर्षं तो पुण्यात फ्लॅट बघत फिरला, एक व्यवहार टोकन देऊन मोडला, आणि मग मस्कतची नोकरी लागून जो गेला तो दशा संपेपर्यंत तिकडेच. फ्लॅट झाला, चांगला झाला, पण त्यात भाडेकरू राहिले, हा वर्षातून तीन आठवडे येऊन बहिणीकडे उतरायचा. म्हणजे गुरूने घर दिलं की नाही? दिलं. पण तू सांगितलंस तसं दिलं का? नाही ना.

आता हे पत्रिकेत कुठे लिहिलंय ते बघ. गुरु कर्केत ५ अंशांवर आहे. मेषेपासून मोजलं तर ९५ अंश, म्हणजे ५७०० कला. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं म्हणजे ८०० कलांचं, तर ५७०० भागिले ८०० केलं की सात पूर्ण नक्षत्रं होऊन आठव्यात थोडासा शिरलेला दिसतो. आठवं म्हणजे पुष्य, स्वामी शनी. स्वामी पाठ नसतील तर विंशोत्तरी दशांचाच क्रम धर, केतू, शुक्र, रवी, चंद्र, मंगळ, राहू, गुरु, शनी, बुध, आणि नक्षत्राच्या नंबराला ९ ने भागून बाकी उरेल तितकावा ग्रह घे, बाकी शून्य आली तर बुध. सॉफ्टवेअर हे सगळं देतंच पण पहिल्या पन्नास पत्रिका तरी हाताने कर, नाहीतर सीमेवरचा ग्रह कधी तुझ्या लक्षातच येणार नाही, त्यावर पुढे लिहितो.

तर गुरु शनीच्या नक्षत्रात, आणि ग्रह आपलं फळ देतो ते नक्षत्रस्वामीच्या मार्फत. आता शनी कुठेय? मीनेत ५ अंशांवर, लग्न मेष २ अंश, म्हणजे शनी व्ययात, बाराव्या घरात. आणि मेष लग्नाला तो दशम आणि लाभाचा मालक. इथेच सगळी गोष्ट आहे बघ. गुरु स्वतः बसलाय चौथ्यात, मालक नवव्या आणि बाराव्याचा, पण त्याचं फळ शनीच्या हातात दिलंय आणि शनी बाराव्यात बसून दहावं-अकरावं चालवतोय. चौथं म्हणजे घर, त्याचं बारावं केलं की घर सोडून लांब, आणि तिकडे काम नि कमाई. गावाकडचं उदाहरण घे, विहिरीला पाणी भरपूर असलं तरी ते कुणाच्या वाफ्यात सोडायचं हे पाटकरी ठरवतो. उच्चीचा गुरु म्हणजे भरलेली विहीर, तू विहीर बघून आलीस, पाटकऱ्याला भेटलीच नाहीस.

काळ पण बघ. गुरूच्या महादशेत पहिली अंतर्दशा गुरूचीच, २ वर्षं १ महिना १८ दिवस, ती फ्लॅट बघण्यात गेली. दुसरी शनीची, २ वर्षं ६ महिने १२ दिवस, आणि तीत तो बाहेर गेला. शनी स्वतः कुठल्या नक्षत्रात? मीन ५ अंश म्हणजे ३३५ अंश, २०१०० कला, भागिले ८००, पंचवीस पूर्ण होऊन सव्विसावं, उत्तराभाद्रपदा, स्वामी परत शनीच. म्हणजे शनीचं फळ दुसऱ्या कुणाकडे जातच नाही, व्ययस्थानाचं फळ तो स्वतःच पुरेपूर देतो. असा स्वनक्षत्री ग्रह दिसला की तिथे थांबायचं, पुढे खणत बसायचं नाही.

तू विचारशील की हे सगळं घडलेलं माहीत असताना मागून जुळवलंय, कशावरून? रास्त शंका आहे. म्हणून उलटं करून बघ. त्याच दिवशी त्याच गावात रात्री साडेदहानंतर जन्मलेला दुसरा माणूस मनात धर. आपल्या माणसाचा जन्म सकाळी सव्वादहाचा, फेब्रुवारीतला, तर बारा-साडेबारा तासांत गुरु-शनी जागचे हलत नाहीत, गुरु पुष्यातच, शनी उत्तराभाद्रपदातच, फक्त लग्न तूळ झालं. (चंद्र मात्र अर्धं नक्षत्र पुढे सरकतो म्हणून ह्याची दशा काही वर्षं आधी लागेल, ते वेगळं.) आता गुरु दशमात, मालक तिसऱ्या-सहाव्याचा, आणि शनी सहाव्यात, मालक चौथ्या-पाचव्याचा. उच्चीचा गुरु दशमात म्हटलं की लोक लगेच मोठा अधिकार, मानमरातब, स्वतःचा धंदा सांगतात. मी सांगणार नाही. दहाव्याचं फळ सहाव्यात पडतंय, म्हणजे दुसऱ्याकडे नोकरी, तीही टिकाऊ, स्पर्धेतून मिळालेली, आणि शनी चतुर्थेश होऊन सहाव्यात आहे म्हणजे घर होईल ते कर्ज काढून, पण तो राहील त्याच घरात. एकच गुरु, एकच रास, एकच नक्षत्र, तरी दोन माणसांना दोन तऱ्हा. नुसतं ‘पुष्य नक्षत्रातला गुरु असं फळ देतो’ म्हणून छापलेले उतारे मला म्हणूनच आवडत नाहीत, अर्धी गोष्ट असते ती.

आपल्याकडे कृष्णमूर्ती पद्धत खूप जण शिकतात, तू पण क्लासला जाशीलच. तिथे ह्याच कल्पनेची पायरी लावून दिलेली आहे. एखाद्या भावात बसलेल्या ग्रहाच्या नक्षत्रात जे ग्रह असतील ते त्या भावाचे अ दर्जाचे कार्येश, भावात बसलेला ग्रह स्वतः ब, भावेशाच्या नक्षत्रातले क, आणि खुद्द भावेश ड. बघ म्हणजे, मालक सगळ्यात शेवटी! आपल्या पत्रिकेत बाराव्यात शनी, म्हणून शनीच्या नक्षत्रातला गुरु बाराव्याचा अ दर्जाचा कार्येश आणि व्ययेश म्हणून ड दर्जाचाही. चौथ्यात तो बसलाय म्हणून चौथ्याचा ब. अ ब च्या वर, हे लक्षात ठेवलं असतंस तर घराआधी परदेश बोलली असतीस. त्या पद्धतीत पुढे उपनक्षत्रस्वामी येतो आणि हो की नाही तो ठरवतो म्हणतात, ते आत्ता बाजूला ठेव, आधी हे पक्कं होऊ दे.

आता कुठे फसायला होतं ते. दोनच सांगतो, पण दोन्ही मी खाल्लेत.

एक, सीमेवरचा ग्रह. पुष्य सुरू होतं कर्केच्या ३ अंश २० कलांना. राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची ते अयनांशावर ठरतं, आणि लाहिरी आणि कृष्णमूर्ती अयनांशात साधारण ६ कलांचा फरक असतो, कृष्णमूर्ती कमी, म्हणून ग्रह तेवढा पुढे दिसतो. गुरु लाहिरीने ३ अंश १७ कला आला तर तो पुनर्वसूत, स्वतःच्याच नक्षत्रात, आणि कृष्णमूर्तीने ३ अंश २३ म्हणजे पुष्यात, शनीकडे. सगळं फळच फिरलं की. असा ग्रह दिसला की मी सरळ दोन्ही शक्यता लिहितो आणि घडून गेलेल्या घटना विचारतो, अंदाजे एक धरून पुढे जात नाही.

दोन, नक्षत्रस्वामी राशीकुंडलीत बघायचा की भावचलितात, म्हणजे जिथे भाव राशीपासून नाही तर लग्नाच्या अंशावरून सुरू होतात त्या कुंडलीत. आपल्या माणसाचं लग्न मेष २ अंश होतं म्हणून भांडण नाही, बारावा भाव कुंभेच्या शेवटी सुरू होतो आणि मीन ५ चा शनी त्यात सहज बसतो. पण हाच तासाभराने जन्मला असता तर लग्न मेष २० च्या आसपास, बारावा भावारंभ मीनेच्या मध्याच्याही पुढे जाणार, आणि चलितात शनी घसरून अकराव्यात! राशीकुंडलीत मात्र बाराव्यातच दिसत राहील. अकराव्यात गेला की परदेशाऐवजी घरबसल्या लाभ बोलावं लागेल. एका तासात. म्हणून जन्मवेळ ‘दहा ते अकराच्या दरम्यान’ अशी सांगणाऱ्याला मी ह्या पद्धतीने काही सांगतच नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

आणि एक राहिलं, ते साखळीचं. नक्षत्रस्वामीचा नक्षत्रस्वामी, मग त्याचाही, असं करत काही लोक पाच घरं पुढे जातात. तिसऱ्या उडीनंतर पत्रिकेतून काहीही निघतं, लग्नही निघतं आणि घटस्फोटही. मी एकाच उडीवर थांबतो. फक्त नक्षत्रस्वामी राहू किंवा केतू असेल तर त्यांना स्वतःचं घर नाही म्हणून ते कुठे बसलेत, सोबत कोण आहे आणि त्या राशीचा मालक कुठे आहे एवढं बघावं लागतं.

पुण्यात जयंत नारळीकरांनी एक चाचणी घेतली होती, २००९ मध्ये ती छापून आली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका गोळा केल्या, प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या, कोणती कुणाची ते सांगा म्हणून. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवण्याइतकंच. ‘त्यात नक्षत्रस्वामी बघणारे नसतील’ अशी पळवाट तू काढू नकोस, मी पण काढत नाही. त्यातून मी एवढंच उचललं की आधी लिहायचं, तारीख टाकायची, मग विचारायचं. माझ्या वहीत चुकलेल्या पानांना मी कोपरा दुमडतो, वही आता नीट बंद होत नाही.

तर तुझं काम. त्याच माणसाची शनीनंतरची अंतर्दशा बुधाची. बुध कुंभेत १८ अंशांवर. नक्षत्र काढ, स्वामी राहू निघेल. राहू लग्नात मेषेत आहे, मेषेचा मालक मंगळ सप्तमात तुळेत. बुध स्वतः मेष लग्नाला तिसऱ्या आणि सहाव्याचा मालक. शनिवारपर्यंत कागदावर लिहून फोटो पाठव, खाडाखोड केलेली चालेल पण पेनाने. त्या अंतर्दशेत काय झालं ते मी रविवारी सांगेन, आधी विचारू नकोस.

तुझा,
काका