वेटिंगचा तास कुठून सुरू होतो?

प्रश्न : वकीलसाहेब, पुण्याहून आलेल्या नणंदेच्या कुटुंबाला जोतिबा-पन्हाळा दाखवायला आम्ही गाडी ठरवली. गाडीमालकांनी आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहिले होते : 'गाडी सकाळी ८ वाजता दारात. प्रत्येक ठिकाणी पहिली १५ मिनिटे फ्री. त्यानंतर वेटिंग १५० रु. तास. अर्धवट तास पूर्ण धरला जाईल.' गाडी ७.४० लाच आली, आम्ही ८.१० ला निघालो. जोतिबाला ८.५० ते १०.१०, पन्हाळ्यावर १०.३० ते १२.४५ आणि जेवायला १ ते २ थांबलो. ड्युटी स्लिपवरही याच वेळा आहेत. मालक सात तासांचे १,०५० मागतात, आमच्या हिशेबाने चार तासांचे ६०० होतात. गाडीभाडे दिले आहे, वेटिंग अडवून ठेवले आहे. ते पोलिसांत जाण्याची भाषा करतात. काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, तुम्ही ७५० रुपये देणे लागता. मालकांचा हिशेब दोन ठिकाणी चुकला आहे आणि तुमचा एका ठिकाणी.

आधी मालकांचे सात तास कुठून आले ते पाहू. त्यांनी फ्री मिनिटांचा अर्थ असा घेतला की पंधरा मिनिटांच्या आत निघालात तर काही नाही, त्यापुढे गेलात तर अगदी पहिल्या मिनिटापासून मोजणार. त्या रीतीने जोतिबाची ८० मिनिटे म्हणजे दोन तास, पन्हाळ्याची १३५ म्हणजे तीन, जेवणाचा एक आणि सकाळी दारातल्या ३० मिनिटांचा एक. अशी रीत धंद्यात नाही असे नाही. 'पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबल्यास तासाला १५०' असे लिहिले असते तर मी त्यांच्या बाजूने कौल दिला असता, कारण तिथे पंधरा मिनिटे हा फक्त उंबरठा ठरतो. पण त्यांनी 'पहिली १५ मिनिटे फ्री, त्यानंतर वेटिंग' असे लिहिले. याचा सरळ अर्थ, तासाचे घड्याळ सोळाव्या मिनिटाला सुरू होते. म्हणून आधी पंधरा मिनिटे वजा करायची आणि मगच उरलेला वेळ वरच्या तासात न्यायचा. हा क्रम बदलला की रक्कम बदलते, आणि असे बहुतेक वाद या क्रमातच अडकलेले असतात. उद्या कोणी म्हणाले की वाक्याचे दोन अर्थ निघतात, तरी करारातली खरोखर संदिग्ध अट ज्याने लिहिली त्याच्या विरुद्ध वाचायची, हे न्यायालयांचे जुने तत्त्व आहे. इथे मजकूर मालकांचा आहे.

आता तुमचा हिशेब. तुम्ही तिन्ही ठिकाणांची फ्री मिनिटे वजा करून उरलेली ६५, १२० आणि ४५ मिनिटे एकत्र केली. बेरीज २३० मिनिटे, म्हणजे पावणेचारच्या थोडे वर, म्हणून चार तास. ऐकायला रास्त वाटते, पण टिकणार नाही. मेसेजमध्ये सवलत 'प्रत्येक ठिकाणी' दिली आहे, म्हणजे मोजणीही ठिकाणागणिक आहे. सवलत तीनदा घ्यायची आणि तास मात्र एकदाच पूर्ण करायचा, असे दोन्हीकडचे फायदे एका वाक्यातून काढता येत नाहीत. जोतिबाची ६५ मिनिटे पाच मिनिटांनी तासाबाहेर गेली आहेत, तिथे दोन तास लागतात. पाच मिनिटांसाठी दीडशे रुपये जास्त वाटतात हे मला समजते. पण ही अट आधी सांगितलेली होती आणि तुम्ही ती मान्य करून गाडी घेतलीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे, परंतु उघडपणे सांगितलेला पूर्ण तासाचा दर तेवढ्यावरून अन्याय्य ठरवून घेणे अवघड आहे. त्यावर भांडू नका.

पन्हाळ्याचा हिशेब मिनिटावर आला आहे, म्हणून तो सांभाळा. १३५ मधून १५ गेली की बरोबर १२० उरतात. दोन तास पुरे झाले, अर्धवट काही उरले नाही, म्हणून दोनच तास. स्लिपवर १२.४६ असते तर तिसरा तास लागला असता. त्या स्लिपचा फोटो आजच मागून घ्या. तुमच्याकडेही सज्जा कोठी, तीन दरवाजा इथले फोटो असतील. त्यांच्यावर वेळ नोंदलेली असते, आणि जेवणाच्या बिलावरही असते.

सकाळचा तास तर मागताच येत नाही. गाडी ८ ला ठरली होती. ड्रायव्हर वीस मिनिटे आधी आला हा त्याचा चांगुलपणा, पण त्या वेळेचे पैसे तुमच्यावर चढत नाहीत. ८ ते ८.१० ही दहा मिनिटे फ्री पंधरांत बसतात. 'वेटिंग गाडी पोहोचल्यापासून' असे बिलाच्या मागे छापले आहे, असा मुद्दा कदाचित पुढे येईल. प्रवास संपल्यावर हातात पडलेल्या कागदावरची अट आधीच झालेल्या कराराला चिकटत नाही. करार आदल्या दिवशी, त्या मेसेजवर आणि तुमच्या होकारावर झाला.

म्हणजे जोतिबा दोन, पन्हाळा दोन, जेवण एक, असे पाच तास.

पोलिसांची धमकी मनावर घेऊ नका. हिशेबावरून झालेला मतभेद दिवाणी स्वरूपाचा असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला साधारणपणे सुरुवातीपासूनच बुडवण्याचा हेतू लागतो. तुम्ही भाडे चुकते केले आहे आणि वेटिंगचेही देणे मान्य करता आहात, त्यामुळे तसा हेतू दाखवणे कठीण आहे. मात्र ६०० वर अडून काहीच न देणे यात तुमची बाजू कमजोर होते. आजच ७५० रुपये यूपीआयने पाठवा आणि त्याच चॅटवर लिहा :

'आपल्या मेसेजप्रमाणे प्रत्येक ठिकाणची पहिली १५ मिनिटे वजा करून जोतिबा ६५ मिनिटे (२ तास), पन्हाळा १२० मिनिटे (२ तास), जेवण ४५ मिनिटे (१ तास). सकाळी ठरलेल्या ८ नंतर १० मिनिटे, फ्री. एकूण ५ तासांचे ७५० रुपये पाठवले आहेत. कृपया बिल द्यावे.'

यात 'हे घेतले तर वाद मिटला असे समजा' वगैरे घालू नका. कराराच्या कायद्यात देणे विनाअट देऊ करावे लागते. बिल मात्र मागाच. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

उरलेले ३०० रुपये तुमच्या खिशात आहेत, म्हणून आत्ता तक्रार करण्यासारखे तुमच्याकडे काही नाही. कोर्टात जायचे तर मालकांनी जायचे. तुम्ही १,०५० देऊन मोकळ्या झाला असता, तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता आले असते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहायला हरकत नसते. मालकांना थकबाकीचा दावा लावायला मात्र तीन वर्षे असतात. तोवर ते चॅट डिलीट करू नका आणि फोन बदललात तर आधी त्याचा बॅकअप घ्या. नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा मूळ चॅट फोनमध्ये असणे पुराव्याला बरे.