अ‍ॅडमिन लॉची टाइमलाइन: सुनावणीचा एकच धागा धरून

"सोमवारी अ‍ॅडमिन लॉचा पेपर आहे, केसेस वाचून झाल्यात पण सालं आणि क्रम डोक्यात राहतच नाही, शेवटच्या आठवड्यात पटकन उजळणी होईल अशी टाइमलाइन कोणी देईल का?"

सगळ्या विषयाची टाइमलाइन मी देत नाही, कारण डेलिगेटेड लेजिस्लेशन, ट्रिब्युनल, लोकपाल असं सगळं एका ओळीत लावलं की काहीच लक्षात राहत नाही. मी फोर्टमध्ये एका चेंबरला ज्युनियर आहे, दरवर्षी परीक्षेच्या आधी आमच्या इंटर्न मुलांना एकच धागा लावून देतो, नैसर्गिक न्यायाचा, म्हणजे निर्णय घेणारा पक्षपाती नको आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय आहे त्याला ऐकून घ्या, आणि त्यातही फक्त "मला ऐकून घेतलं नाही" या तक्रारीचा. पेपरला हा टॉपिक हमखास येतो आणि एकदा हा नीट बसला की बाकीच्या केसेस टांगायला खुंटी मिळते.

आधी एक गोष्ट, ज्यात मुलं सगळ्यात जास्त मार्क घालवतात. निकालाचं साल आणि रिपोर्टचं साल वेगळं असतं. क्रायपाकचा निकाल १९६९ चा, पण एआयआर या निकाल छापणाऱ्या रिपोर्टमध्ये तो १९७० चा. ओल्गा टेलिस १९८५ चा, एआयआरमध्ये १९८६. इंग्लंडचा रिज विरुद्ध बाल्डविन १९६३ चा, रिपोर्टात १९६४. एका गाइडमधून एक साल आणि दुसऱ्यातून दुसरं असं उचललं की क्रम उलटापालटा होतो आणि मग वाटतं आपल्याला पाठच होत नाही. म्हणून टाइमलाइनला फक्त निकालाचं साल घ्या, सायटेशन नंतर जमलं तर.

आता धागा. साल पाठ करू नका, त्या काळात कोर्ट कुठला प्रश्न विचारत होतं ते पाठ करा. प्रश्न चारच आहेत.

पहिला प्रश्न १९५० चा आणि तो आपल्या मुंबईतच पडला. वॉर्डन रोडवरचा एक फ्लॅट, म्हणजे आजचा भुलाभाई देसाई रोड. फाळणीनंतर मूळ भाडेकरूकडून जागा निर्वासितांकडे आली आणि सरकारने १९४७ च्या अध्यादेशाखाली ती रिक्विझिशन केली, म्हणजे सक्तीने ताब्यात घेतली. मुंबई हायकोर्टाने राहणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, पण सुप्रीम कोर्टात प्रॉव्हिन्स ऑफ बॉम्बे विरुद्ध खुशालदास अडवाणी मध्ये बहुमताने तो फिरला. कारण असं की जागा घेणं गरजेचं आहे का हे सरकारने स्वतःच्या मताने ठरवायचं होतं, म्हणजे आदेश प्रशासकीय, क्वासी-ज्युडिशियल म्हणजे अर्धन्यायिक नाही, आणि मग सर्शिओरारी, म्हणजे असा आदेश रद्द करायची रिट, चालत नाही. म्हणजे त्या काळचा प्रश्न: हे काम न्यायाधीशासारखं आहे का? नसेल तर सुनावणीचा हक्क विसरा. माणसाचं घर जातंय याला या प्रश्नात जागाच नव्हती, आणि मला आजही ही केस वाचली की तेच खटकतं.

दुसरा प्रश्न १९६३ ते १९६९ या सहा वर्षांत तयार झाला. ब्रायटनच्या पोलीस प्रमुखाला, रिजला, कमिटीने आरोप न कळवता काढलं आणि हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९६३ मध्ये सांगितलं की न्यायबुद्धीने वागायचं कर्तव्य अधिकाराच्या स्वरूपातूनच येतं, ते कायद्यात वेगळं लिहिलेलं असायला नको. आपल्याकडे १९६७ ला ओरिसाच्या डॉक्टर बिनापाणी देई. सरकारने त्यांची जन्मतारीख स्वतः चौकशी करून बदलली, चौकशीचा अहवाल दाखवला नाही आणि त्यांना लवकर निवृत्त करून टाकलं. कोर्ट म्हणालं आदेश प्रशासकीय असला तरी त्याचे नागरी परिणाम होत असतील तर ऐकून घ्यावंच लागेल. हा "नागरी परिणाम" शब्द अधोरेखित करा, पुढची सगळी इमारत त्यावर आहे. १९६९ ला क्रायपाक: जम्मू-काश्मीरमधली वन सेवेची निवड, निवड मंडळावर बसलेला अधिकारी स्वतःच उमेदवार. स्वतःच्या नावाच्या वेळी तो बाहेर बसला, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या वेळी आत होता. ही केस खरं तर पक्षपाताची आहे, सुनावणीची नाही, मुलं इथे गोंधळतात. आपल्या टाइमलाइनमध्ये ती येते ते एकाच कारणासाठी, की प्रशासकीय आणि क्वासी-ज्युडिशियल यांच्यातली रेषा पुसट होत चाललीय असं कोर्टाने तिथे स्पष्ट म्हटलं. म्हणजे प्रश्न झाला: या आदेशाने कोणाचं नुकसान होतंय का?

तिसरा प्रश्न १९७८ पासून. मनेका गांधींचा पासपोर्ट जुलै १९७७ मध्ये जप्त झाला, कारणं मागितली तर "जनहितार्थ" सांगायची नाहीत असं उत्तर आलं. २५ जानेवारी १९७८ ला सात न्यायाधीशांनी सांगितलं की कलम २१ मधली पद्धत न्याय्य, वाजवी हवी, आणि कायदा गप्प असला तरी सुनावणी त्यात धरलेली आहे. पण हे विसरू नका की सरकारने नंतर ऐकून घेतो अशी हमी दिली म्हणून आदेश औपचारिकरीत्या रद्द केला नाही. आधी आदेश, नंतर सुनावणी हा मधला रस्ता इथून ठळक झाला. म्हणजे प्रश्न झाला: या प्रसंगात न्याय्य पद्धत कोणती?

आता जुलै १९८५ चे दोन दिवस, आणि इथे जरा थांबा कारण पूर्ण टाइमलाइन या दोन दिवसांत दिसते. १० जुलैला ओल्गा टेलिस. १९८१ मध्ये मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवायची घोषणा झाली, पावसाळ्यात. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याचं कलम ३१४ म्हणतं की आयुक्त नोटीस न देता अतिक्रमण काढू शकतो. पाच न्यायाधीशांनी कलम रद्द केलं नाही. वाचून बघा "शकतो" हा शब्द, कोर्टाने सगळं त्याच्यावर उभं केलं: नोटीस न देणं हा अपवाद आहे, नियम नाही, एरवी द्यायचीच. महापालिकेचं म्हणणं होतं की हे लोक फुटपाथवर आहेत हे सगळ्यांना दिसतंय, मग ऐकून काय करायचं, तर कोर्टाने ते मान्य केलं नाही आणि १९८० च्या एस. एल. कपूर केसचा आधार घेतला, ज्यात नैसर्गिक न्याय न पाळणं हेच नुकसान, वेगळं सिद्ध करायला नको असं म्हटलं होतं. तरी शेवटी काय झालं तर सुप्रीम कोर्टातच तुम्हाला ऐकून घेतलंय म्हणून वेगळ्या सुनावणीची गरज नाही, फक्त ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत हटवू नका. मुलं उत्तरात "फुटपाथवासीय जिंकले" असं लिहितात. तत्त्व जिंकलं, फुटपाथ गेला, हे दोन्ही लिहा.

लगेच दुसऱ्या दिवशी, ११ जुलैला, तुलसीराम पटेल, पुन्हा पाच न्यायाधीश. कलम ३११(२) चा दुसरा परंतुक, सरकारी नोकराला काही प्रसंगांत चौकशीशिवाय काढता येतं. बहुमताने सांगितलं की राज्यघटनेनेच सुनावणी वगळली असेल तर नैसर्गिक न्याय मागच्या दाराने आत आणता येत नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की मर्यादा आपोआप कळते: कायदा "नोटीस न देता करू शकतो" म्हणत असेल तर जागा उरते, घटना "लागू होणार नाही" म्हणत असेल तर उरत नाही.

चौथा प्रश्न १९९३ चा, ईसीआयएल विरुद्ध करुणाकर. चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल कर्मचाऱ्याला द्यायलाच हवा, हे १९९० च्या रमझान खान केसने सांगितलं होतंच. पण दिला नसेल तर नोकरी आपोआप परत? नाही. कोर्टाने आधी त्याला अहवाल द्यायचा, मग विचारायचं, तुला हा तेव्हा मिळाला असता तर निकालात फरक पडला असता का? पडला असता तरच शिक्षा रद्द. म्हणजे प्रश्न झाला: ऐकून न घेतल्याने काय बिघडलं? कपूरच्या वाक्याशी हे सरळ भांडतं. हा ताण पेपरला लिहिला तर परीक्षकाला कळतं की तुम्ही केसेस खरंच एकमेकांशी लावून वाचल्यात. शेवटी २०२३ चा एसबीआय विरुद्ध राजेश अगरवाल घ्या: कर्जदाराचं खातं फ्रॉड ठरवण्याआधी त्याला ऐकून घ्या, आरबीआयच्या निर्देशांत तसं लिहिलेलं नसलं तरी. बिनापाणीचा नागरी परिणाम, ५६ वर्षांनी, बँकेच्या काउंटरवर.

प्रॉब्लेम आला तर हेच चार प्रश्न क्रमाने लावा. समजा दादरला एकाचा वीस वर्षांचा स्टॉल नोटीस न देता उचलला. पहिल्या प्रश्नावर वेळ घालवू नका, एका ओळीत लिहा की १९६९ नंतर तो भेद महत्त्वाचा राहिला नाही. नागरी परिणाम आहे, धंदा गेला. मग कायदा काय म्हणतो ते बघा: त्याच्याकडे व्हेंडिंग सर्टिफिकेट असेल तर २०१४ च्या फेरीवाला कायद्यातच त्या जागेवरून हटवण्याआधी ३० दिवसांची नोटीस आहे, तिथे नैसर्गिक न्याय शोधत बसायची गरज नाही, कायद्याचाच भंग झालाय. सर्टिफिकेट नसेल तर कलम ३१४ आणि ओल्गा टेलिस, आणि विचारा की एवढी घाई होती का, फायर ब्रिगेडचा रस्ता अडला होता का, की वीस वर्षं दिसणारा स्टॉल अचानक एका सकाळी तातडीचा झाला. शेवटी करुणाकर: नोटीस मिळाली असती तर तो काय दाखवणार होता? जुन्या पावत्या, सर्व्हेत आलेलं नाव असं काही असेल तर नुकसान खरं आहे. काहीच नसेल तर महापालिका हाच मुद्दा धरेल, आणि तुम्ही कपूर आणि ओल्गा टेलिस समोर ठेवायचे.

मी हे चार प्रश्न जुन्या कॉज लिस्टच्या कोऱ्या बाजूवर लिहून घ्यायला लावतो, प्रत्येकाखाली फक्त सालं आणि माणूस: १९५० फ्लॅटवाला, १९६७ डॉक्टर, १९६९ वन अधिकारी, १९७८ पासपोर्ट, १९८५ फुटपाथ आणि दुसऱ्या दिवशी नोकर, १९९३ अहवाल, २०२३ कर्जदार. विरारहून चर्चगेटला येताना दोनदा बघून होतं. शनिवारी कागद उलटा करून फक्त प्रश्नांवरून माणसं आठवून बघा, जिथे अडाल तेवढीच केस रविवारी पुन्हा वाचा.