बाटलीचे दोनशे, मोबाइलचे चोवीसशे

कोल्हापूर, रविवार

प्रिय पोरी,

लग्नाच्या फोटोत त्या ताईंच्या दिवंगत बाबांच्या चेहऱ्यासमोर आलेला मोबाइल काढण्याचं तुझं कोटेशन वाचलं, सोबतचा फोटोही नीट मोठा करून पाहिला. दर चुकलेला नाही. उलट सहा तासांच्या कामाचे चोवीसशे म्हणजे तू हात राखूनच लावलेस. पण त्या ताईंनी जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तुझ्या कोटेशनमध्ये कुठेच नाही. त्या म्हणतात, ‘टेबलावरची पाण्याची बाटली आणि मागची वायर काढायला दोनशे, मग तेवढासा मोबाइल काढायला चोवीसशे कसे?’ त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, कारण तू दोन्हीकडे एकच शब्द लिहिलास: ‘काढणे’.

बाटली तू खरोखर काढतेस. फोटो सहा हजार बाय चार हजार पिक्सेलचा आहे, त्यात बाटली हजारेक पिक्सेल उंच. अठरा इंची फ्रेमवर ती तीन इंच दिसेल. मोबाइलची रुंदी जेमतेम एकशेतीस पिक्सेल, म्हणजे फ्रेमवर सेंटीमीटरभर. तरीही बाटली स्वस्त, कारण तिच्या मागे जे असायला हवं ते तिच्या शेजारीच पडलेलं आहे. टेबलाच्या पांढऱ्या कापडाची चुणी चार इंच बाजूला तशीच आहे, ती क्लोन स्टॅम्पने उचलून तिथे ठेवली की काम झालं. चुणी दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर जगात कोणाला कळणार नाही. खुद्द ते कापड धुणाऱ्यालाही नाही.

मोबाइलच्या मागे बाबांचा डोळा आहे. तो फोटोत दुसरीकडे कुठे नाही. मोबाइल उचलला की खाली चेहरा सापडेल असं लोकांना वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही; टेबलावरची वस्तू उचलली की खालचं टेबल दिसतंच. पण कॅमेऱ्याकडे त्या जागेवरून फक्त मोबाइलच्या स्क्रीनचा प्रकाश आला, चेहऱ्याचा आलाच नाही. तेव्हा ते काम काढण्याचं नसून चेहऱ्याचा एक तुकडा नव्याने घडवण्याचं आहे. कोटेशनमध्ये तेच लिही: ‘झाकलेला डोळा, भुवई व गालाचा भाग संदर्भ फोटोंवरून तयार करणे’. वस्तूचं नाव आलं की माणूस वस्तूच्या आकाराची किंमत करतो. मागे काय झाकलंय त्याचं नाव आलं की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

उरलेल्या निम्म्यासाठी तुला स्वतःला कारणं पक्की माहीत हवीत. कोणीतरी हमखास सुचवणार, ‘दुसरा डोळा आहे ना, तोच उलटा करून लाव.’ याच फोटोवर ते करून बघ. बाबांची मान आपल्या डावीकडे वळलेली आहे. त्यामुळे डावीकडचा, दिसणारा डोळा लांबचा झाला आणि जरा अरुंद दिसतो. झाकलेला डोळा जवळचा, तो रुंद असायला हवा. व्हिडिओवाल्याचा लाइटही डावीकडून आहे, म्हणजे दिसणारा डोळा उजेडात, आणि झाकलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यावर नाकाची सावली पडलेली असणार. उलटा केलेला डोळा अरुंद असेल, वर नको तितका उजळ असेल. बुबुळातला दिव्याचा ठिपका तर सरळ चुगली करतो. एकाच दिव्याचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडतो, इथे डावीकडे वर. उलटवलेल्या डोळ्यात तो उजवीकडे जाईल. बघणाऱ्याला ठिपका लक्षात येणार नाही, पण बाबा कुठे बघतायत ते कळेनासं होईल आणि नजर काचेची वाटेल.

म्हणून दुसरा फोटो लागतो. त्यांनी अकरा पाठवलेत, असं तू लिहिलंस. मी त्यातले दोनच बाजूला काढले. पासपोर्टचा फोटो समोरून घेतलेला, मान सरळ. डोळ्याची ठेवण आणि भुवईतले केस कळायला चांगला, लावायला निरुपयोगी. दुसरा त्याच संध्याकाळचा, जेवणाच्या पंगतीतला. फेटा तोच, कॅमेरा तोच, मानही बरीचशी तशीच. तू तोच धरला असशील. पण त्यात बाबा हसतायत. हसताना गाल वर चढतो आणि खालची पापणी वर ढकलतो, कोपऱ्याला सुरकुत्या पडतात. आपल्या फोटोत ते कन्यादानाला उभे आहेत, ओठ घट्ट मिटलेले, नजर किंचित खाली. त्या ओठांवर हसरा डोळा बसवलास तर प्रत्येक भाग त्यांचाच असूनही चेहरा परक्याचा होईल. तेव्हा त्या डोळ्याची फक्त रुंदी, पापणीचे केस आणि कातडी घ्यायची. खालची पापणी उतरवायची, सुरकुत्या हलक्या करायच्या, वरची पापणी दिसणाऱ्या डोळ्याच्या मापाने खाली आणायची. पावणेदोन तास तू यालाच धरलेस. मला तर ते कमीच वाटतात.

आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली असावी. मोबाइल कॅमेऱ्याच्या बराच जवळ होता, म्हणून त्याची कड धूसर आहे. त्या धूसर पट्ट्यात स्क्रीनचा निळसर उजेड आणि बाबांचा गाल एकमेकांत मिसळलेत. मोबाइलच्या कडेला धरून कापलंस तर निळी झालर गालावर राहील. मी मोजलं, दोन्ही बाजूंना पंचवीसेक पिक्सेल. म्हणजे एकशेतीसचे एकशेऐंशी झाले. चेहरा सगळा चारशेवीस पिक्सेल रुंद, त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त पट्टा नव्याने घडवायचा आहे. हा आकडा ताईंना जरूर सांग, फोटोवर लाल रेघेने तेवढा भाग दाखवून पाठव. ती एक लाल रेघ पानभर समजावण्यापेक्षा जास्त बोलते.

माझ्या हातून हे कसं बिघडलं होतं तेही सांगतो. एका घरच्या आजोबांचा गाल हाराच्या शेवंतीने झाकला होता. मी तो गुळगुळीत, सुंदर भरून दिला आणि दर लावला हाराच्या फुलाचा. मुलाने फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, ‘छान आहे, पण हे आमचे बाबा नाहीत.’ पुढे सहा वेळा करेक्शन झालं, पैसे तेवढेच राहिले. पण मला डाचत राहिली ती दुसरीच गोष्ट. कातडीचा पोत, फोटोतल्या बारीक ठिपक्यांचा दाणा, सगळं मी तपासलं होतं. ज्याने तो चेहरा रोज पाहिला त्याला मात्र सर्वांत शेवटी विचारलं. तेव्हापासून मी असं काम दोन टप्प्यांत घेतो, आणि दरही तसाच फोडतो.

तूही तसंच कर. पहिल्या टप्प्यात फक्त डोळा, भुवई आणि नाकाची कड योग्य जागी बसवायची. कातडीचा पोत नाही, दाणा नाही, रंग साधारण जुळवलेला. पोस्टकार्डाएवढा नमुना घरी दाखवायचा. आईंना आणि ताईंना वेगवेगळा दाखवायला सांग. एकत्र बघताना एकीचं ऐकून दुसरी बोलते. ‘हेच बाबा’ असं दोघी म्हणाल्या तरच पुढे जायचं. नाही म्हणाल्या आणि दुसरा संदर्भ मिळाला नाही, तर काम तिथेच थांबवायचं आणि पैसे फक्त त्या टप्प्याचे घ्यायचे.

तुझे सहा तास मी असे मांडले: संदर्भ निवडण्याला पाऊण तास, डोळा बसवण्याला पावणेदोन, उजेड आणि रंगाला एक, पोत आणि दाण्याला एक, तपासणी आणि करेक्शनला दीड. पहिले दोन मिळून अडीच तास, म्हणजे तुझ्या चारशेच्या दराने एक हजार. उरलेले चौदाशे दुसऱ्या टप्प्याचे. पत्र साधारण असं जाऊ दे, भाषा तुझी कर:

‘ताई, नमस्कार. बाटली व वायर काढण्याचे २०० रुपये. त्यांच्या मागचं कापड व भिंत फोटोतच इतरत्र आहे, म्हणून ते अर्ध्या तासाचं काम आहे. मोबाइलच्या मागे बाबांचा डावा, म्हणजे फोटोत उजवीकडे येणारा डोळा, भुवई व गालाचा भाग आहे; तो या फोटोत टिपला गेलेला नाही. सोबत लाल रेघेत दाखवला आहे. तो भाग पंगतीतल्या फोटोवरून तयार करावा लागेल. पहिला टप्पा, डोळा बसवून छोटा नमुना: १,००० रुपये. नमुना पाहून बाबांची ओळख पटली तरच दुसरा टप्पा, अंतिम काम: १,४०० रुपये, त्यात दोन वेळा करेक्शन. ओळख पटली नाही तर दुसऱ्या टप्प्याचे पैसे लागणार नाहीत. हा भाग शक्य तितका जवळचा होईल, पण त्या क्षणी बाबा नेमके जसे दिसत होते तसाच असेल असं मी म्हणू शकत नाही. हा फोटो घरच्या फ्रेमसाठी आहे. सरकारी किंवा विम्याच्या कागदपत्रांसाठी वापरू नये.’

शेवटून तिसरं वाक्य तुला काढावंसं वाटेल, भीतीने. ते काढू नकोस. त्यांनी बाबा गमावलेत, ही फ्रेम वर्षश्राद्धाला लागणार आहे आणि पुढे नातवंडं याच चेहऱ्याला आजोबा म्हणणार आहेत. आपण काय घडवलं ते त्यांना आधी माहीत असायला हवं.

दुसऱ्या टप्प्यात दाण्याकडे लक्ष दे. हॉलमधला फोटो वाढवलेल्या आयएसओवर काढलाय, निळ्या चॅनेलमध्ये दाणा भरपूर आहे. पंगतीतल्या फोटोत उजेड जास्त, म्हणून दाणा कमी. नुसता निळा चॅनेल उघडून बघ. तुझा तुकडा पॉलिश केलेल्या फरशीसारखा वेगळा दिसला तर दाणा घालायचा राहिलाय. मग कर्व्ह मुद्दाम खूप तीव्र करून सांधे बघ, फोटो आडवा उलटवून डोळ्यांची रेषा बघ. आणि रात्री पाठवू नकोस, सकाळी एकदा बघून पाठव.

हे पत्र पाठवण्याआधी ताईंना एक फोन कर आणि लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आहे का ते विचार. व्हिडिओवाला डावीकडे उभा होता, त्याच्यासमोर हा मोबाइल आला नसावा. फुल एचडी फ्रेम छापायला पुरणार नाही, पण त्याच क्षणाला बाबांची पापणी किती खाली होती ते त्यात दिसेल, आणि हसरा डोळा उतरवताना तुला अंदाज बांधावा लागणार नाही. ते मिळालं तर पहिल्या टप्प्यातला निदान पाऊण तास वाचेल. मग हजाराऐवजी सातशे लिही, आणि का कमी केले तेही लिही.

तुझा,
काका